तार आणि भोपळा: कॉलवर आवाज बदलतो तेव्हा नेमकं काय होतं

माझी बहीण जांबोटीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात दिलेली आहे. तिची आठ वर्षांची मुलगी शनिवारी रात्री जेवणं झाली की मला कॉल लावते आणि गोष्ट सांग म्हणून हटून बसते. मी बेळगावात वडगावला राहतो. नाटकांना आणि भजनी मंडळांना साउंड लावून देणं हा माझा धंदा, त्यामुळं घरात माइक, लॅपटॉप, तारांची भेंडोळी असतातच. गेल्या पावसाळ्यात भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायची होती. वाघाला वाघाचा आवाज द्यावा, म्हातारीला म्हातारीचा, म्हणून लॅपटॉपवर आवाज बदलणारं सॉफ्टवेअर घेतलं. वाघाला एक सप्तक खाली नेलं, म्हातारीला नऊ सूर वर. माझ्या हेडफोनमध्ये वाघ असा घुमत होता की अंगावर काटा यावा. पलीकडून भाची म्हणाली, "मामा, आवाज येऊलाय तुझा, खरं काय बोलूलास तेच कळेना."

आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. तिच्या त्या 'खरं'मागं काय काय दडलं होतं ते शोधायला मला तीन-चार आठवडे लागले. तेच इथं उलगडून सांगतो.

आधी आवाजाचं बघू. मिरजेला तंबोरा बनताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. तंबोऱ्याची तार किती ताणली यावर सूर ठरतो, पण तो सूर भरदार लागतो की बारीक, हे बरंचसं खालच्या भोपळ्यावर आणि जवारीवर अवलंबून असतं. माणसाच्या गळ्यातही असेच दोन वेगळे भाग आहेत. स्वरतंतू ही तार. बोलताना माझे स्वरतंतू सेकंदाला साधारण 110 वेळा हलतात, म्हणजे माझी पट्टी 110 हर्ट्झ. बाईची बोलण्याची पट्टी 200 च्या आसपास असते. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी हा भोपळा. पुरुषाची ही पोकळी सुमारे 17 सेंटिमीटर लांब, बाईची साधारण साडेचौदा. तारेतून निघालेल्या आवाजातले काही भाग ही पोकळी उचलून धरते, काही दाबते. 'आ' आणि 'ई' एकाच सुरात म्हटले तरी वेगळे ऐकू येतात ते यामुळंच. जीभ आणि ओठ हलले की भोपळ्याचा आकार बदलतो. पोकळीनं उचलून धरलेल्या आवाजाच्या या भागांना फॉर्मंट म्हणतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पिचच्या शेजारी या नावाचा दुसरा एक स्लायडर असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात जास्त कामाचा तोच.

आता म्हातारीचा हिशेब मांडू. पेटीवर एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात, त्यातली एक पट्टी म्हणजे मी इथं म्हणतो तो एक सूर. बारा चढलं की कंपनं दुप्पट होतात. नऊ चढलं तर 1.68 पट. माझे 110 हर्ट्झ नऊ सूर वर गेले की 185 होतात, म्हणजे बाईच्या पट्टीच्या जवळ. तार बरोबर लागली. पण मी घेतलेल्या सॉफ्टवेअरमधला साधा पिचचा स्लायडर जुन्या टेपरेकॉर्डरची कॅसेट वेगानं फिरवल्यासारखं सगळंच 1.68 पटीनं वर ढकलत होता, तारेबरोबर भोपळासुद्धा. माझी 17 सेंटिमीटरची पोकळी 1.68 नं भागली तर उरते जेमतेम 10 सेंटिमीटर. एवढी आखूड पोकळी आठ वर्षांच्या पोरीचीही नसते. म्हणून म्हातारी कुठल्याच बाईसारखी लागेना, कार्टूनमधल्या खारीसारखी चिरकायला लागली. पुरुषाच्या आणि बाईच्या पोकळीतला खरा फरक 17 भागिले साडेचौदा, म्हणजे 1.17 पट. तेव्हा सूर 1.68 पट वर न्यायचा, पण पोत, म्हणजे फॉर्मंट, फक्त 1.17 पट. या दोन आकड्यांतला फरक सांभाळला की आवाज माणसाचा वाटायला लागतो.

तुमच्याकडचं सॉफ्टवेअर फक्त तार ओढतं की भोपळाही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कुजबुज. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे तारच नसते. नुसती हवा त्या पोकळीतून जाते. इफेक्ट चालू करून माइकपाशी 'काय गं, कुठं निघालीस' असं कुजबुजून बघा. कुजबुज जशीच्या तशी आली तर सॉफ्टवेअर भोपळ्याला हात लावत नाही. कुजबुजसुद्धा बारीक किंवा जाड झाली तर भोपळाही सरकतोय. अर्ध्या मिनिटात कळतं.

हे सॉफ्टवेअर बोलता बोलता सूर बदलतं कसं? आवाज वेगानं वाजवला तर तो लवकर संपतो, आणि कॉलवर तर मी अजून बोलतोय. तेव्हा वेळ तेवढीच ठेवून सूर चढवावा लागतो. चांगली पद्धत अशी: माझ्या 110 हर्ट्झच्या आवाजात साधारण 9 मिलिसेकंदांची एक लहर पुन्हा पुन्हा येते. सॉफ्टवेअर ती लहर ओळखतं, प्रत्येक लहर वेगळी कापून घेतं, आणि 9 ऐवजी साडेपाच मिलिसेकंदांच्या अंतरानं एकमेकींवर थोडी चढवून मांडतं. दाटीनं मांडल्यामुळं लहरी कमी पडतात, तेव्हा मधूनमधून एखादी दोनदा वापरतं. लहरीचा आतला घाट तसाच राहतो, म्हणून भोपळा जागचा हलत नाही. फक्त लहरी दाट झाल्यामुळं सूर चढतो. आवाज खाली न्यायचा असेल तर लहरी विरळ मांडायच्या आणि मधल्या काही गाळायच्या.

यात अडचण एकच, पण मोठी. लहर कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे सॉफ्टवेअरला आधी कळावं लागतं. आमच्या गल्लीत रात्री नऊपर्यंत विणकामाचे माग चालू असतात. मागाचा ठोका माइकमध्ये शिरला की सॉफ्टवेअर गोंधळतं, दोन लहरींना एक समजतं किंवा एका लहरीच्या दोन करतं, आणि आवाज एका अक्षरापुरता सप्तकभर उडी मारतो. ऐकताना आवाज तडकल्यासारखा वाटतो. वाक्याच्या शेवटी आपण आवाज सोडून देतो, तिथं हे हमखास होतं, कारण तिथं लहर मुळातच दुबळी असते. माइक तोंडापासून चार बोटांवर आणला आणि खिडकी लावली तेव्हा तडकणं जवळजवळ थांबलं. दहा सॉफ्टवेअर बदलूनही जे झालं नसतं ते खिडकीनं केलं.

'स' आणि 'श' यांना लहरच नसते, ती नुसती सुसकारणारी हवा. 'स'चा जोर साधारण 5000 ते 8000 हर्ट्झमध्ये असतो, 'श'चा त्याच्या खाली, 2500 पासून पुढं. माझा वाघ एक सप्तक खाली गेला तेव्हा सगळंच निम्म्यावर आलं आणि 'स' जाऊन बसला 'श'च्या जागी. वाघ 'सासू' म्हणाला की ऐकू यायचं 'शाशू'. 'चाक'मधला दंत्य च 'चार'मधल्या च सारखा लागायचा. म्हातारीच्या बाबतीत उलटं झालं. तिचा 'स' 8400 च्या वर निघून गेला, आणि कॉलवर तेवढं वरचं सहसा पोचतच नाही. 'सुनेनं' म्हटलं की पलीकडं 'उनेनं'. चांगलं सॉफ्टवेअर ही अक्षरं ओळखून त्यांना हात न लावता तशीच पुढं सोडतं. आपल्याकडचं कसं आहे बघायला 'सासूशी शांत बस' एवढं वाक्य सूर एकदा वर आणि एकदा खाली नेऊन बोलून बघितलं की पुरे.

इथपर्यंतचं सगळं माझ्या लॅपटॉपवरच घडत होतं आणि हेडफोनमध्ये मला ऐकू येत होतं. पण वाघ माझ्याकडं स्पष्ट आणि भाचीकडं गिचमिड, याचं कारण मधल्या वाटेत होतं. कॉलचा आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. कोडेक नावाची यंत्रणा तो आवळून पाठवते. इंटरनेटवरच्या कॉलना बहुतेक ठिकाणी ओपस हा कोडेक असतो, सिमवरच्या साध्या कॉलना एएमआर आणि त्याचे पुढचे भाऊबंद. हे कोडेक बोलणं आवळतात ते माणसाच्या गळ्याचा अंदाज बांधून. 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा घ्यायचा, त्यात भोपळा कसा आहे आणि तार किती वेळानं हलते हे शोधायचं, आणि पूर्ण लाटेच्या जागी ही माहिती आणि तिच्यात न बसलेलं उरलंसुरलं पाठवायचं. पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. म्हणजे मी बदललेला आवाज वाटेत आणखी एकदा तार आणि भोपळ्यात मोडला जातो. तो आवाज माणसाच्या गळ्यातून निघण्यासारखा असेल तर मोडून पुन्हा नीट जुळतो. नसेल तर कोडेकला त्यात धरायला काही सापडत नाही.

माझ्या वाघाचं तंतोतंत हेच झालं. 110 हर्ट्झचं निम्मं 55. म्हणजे एक लहर 18.2 मिलिसेकंदांची. ओपसचा बोलण्यासाठीचा भाग 2 ते 18 मिलिसेकंदांच्या अंतरानं पुन्हा येणारी लहर शोधतो, त्याच्या पुढं बघत नाही. एएमआरची हद्दही तिथंच कुठंतरी, 17.9 वर. माझा वाघ कुंपणाच्या केसभर पलीकडं उभा होता! कोडेकला लहर सापडत नव्हती, मग तो आवाजाला खरखर समजून कसंबसं भरून काढत होता. शहरात नेटवर्क भक्कम असताना कोडेककडं जास्त जागा असते, तेव्हा हे खपून जातं. जांबोटीच्या पुढं सिग्नल पातळ झाला की जागा आक्रसते आणि चूक उघडी पडते.

शिवाय मोबाईलचा छोटा स्पीकर 300 हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवतच नाही. तरी पुरुषाचा जाड आवाज आपल्याला जाडच ऐकू येतो, कारण कान वरच्या स्वरांमधलं अंतर मोजतो. 330, 440, 550 असे स्वर आले की मेंदू न वाजलेला 110 स्वतःच भरतो. मला हे शिकताना फार नवल वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण 55 च्या वाघाचे वरचे स्वर 330, 385, 440 असे दाटीनं येतात. त्या दाटीत मेंदूला सूर कमी आणि घरघर जास्त ऐकू येते. माझ्या मोठ्या हेडफोनमधला तो घुमारा भाचीच्या फोनवर पोचणं शक्यच नव्हतं.

यावरून सॉफ्टवेअरमधल्या यंत्रमानवाच्या आवाजाचंही कोडं सुटलं. त्याचे दोन प्रकार मिळतात. एकात बोलण्यातले चढउतार काढून सगळं एकाच सुरात बसवतात, समजा 100 हर्ट्झवर. हा आवाज कितीही यंत्रासारखा वाटला तरी दर 10 मिलिसेकंदांनी लहर इमानदारीत येते, त्यामुळं कोडेक खूष असतो आणि कॉलवर शब्द न् शब्द कळतो. दुसऱ्या प्रकारात आवाजाला 50 हर्ट्झच्या लाटेनं गुणतात. मग 110 चे 60 आणि 160 होतात, 220 चे 170 आणि 270. स्वरांमधलं अंतर कधी शंभर, कधी दहा. तीच लहर पुन्हा यायला 100 मिलिसेकंद लागतात, आणि कोडेक तर 18 च्या पुढं बघतच नाही. पलीकडं नुसता गाळ पोचतो. भर म्हणजे कॉलमधलं कचरा गाळणारं तंत्र अशा आवाजाला पंख्याची घरघर समजून मधेच कापून टाकतं. सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट काढायची सोय चालू असेल आणि कॉलच्या अॅपमध्येही, तर दोनदा गाळलं जातं आणि शब्दांच्या सुरुवाती जातात. मी आवाज बदलण्याच्या आधीची गाळणी ठेवली, नंतरची बंद केली.

आता उशीर. गोष्ट ऐकताना पोरं हुंकार देतात. आपण म्हणायचं 'मग वाघ म्हणाला', तिकडून 'हं'. हा 'हं' वेळेवर आला तरच गोष्ट चालते. आमचा 'हं' पुढच्या वाक्यावर आदळायला लागला. मी थांबलो की ती बोलायची, ती बोलली की मीही त्याच वेळी सुरू केलेलं असायचं. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका बाजूनं 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही, त्यानंतर संभाषण अडखळायला लागतं. आवाज बदलण्यात उशीर अटळ आहे, कारण लहर ओळखायला निदान दोन लहरी हातात याव्या लागतात. 110 हर्ट्झला त्या 18 मिलिसेकंद. माझ्या सॉफ्टवेअरनं तर 2048 नमुन्यांची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, धरली होती. सेकंदाला 48,000 नमुने या हिशेबानं ती एकटीच 43 मिलिसेकंद खाते, वर आत-बाहेर जाण्याचा उशीर वेगळा.

मोजायची रीत अशी. एक फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवायचा. लॅपटॉपवरून घरातल्याच दुसऱ्या फोनला कॉल लावायचा, त्या फोनचा माइक बंद करायचा आणि त्याचा स्पीकर रेकॉर्डिंगच्या फोनजवळ धरायचा. मग एक टाळी वाजवायची. रेकॉर्डिंगमध्ये दोन टाळ्या दिसतात, खरी आणि कॉलमधून फिरून आलेली. त्यांच्यातलं अंतर म्हणजे उशीर. इफेक्ट बंद असताना माझ्याकडं 140 मिलिसेकंद आले, चालू केल्यावर 225. खिडकी 1024 वर आणली तेव्हा 190. ब्लूटूथचा हेडफोन काढून वायरचा लावला, तेव्हा बोलण्यातली अडखळ आणखी उतरली.

एक तक्रार मात्र मला सगळ्यात उशिरा समजली. भाची म्हणायची, "मीच बोलूलोय तसं ऐकू येतंय, खरं वाघासारखं." आमच्या भागात मुलीही 'बोलूलोय' म्हणतात. तर झालं होतं असं. त्या दिवशी मी हेडफोन न लावता लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होतो. तिचा आवाज स्पीकरमधून माझ्या माइकमध्ये शिरत होता. असा प्रतिध्वनी कॉलचं अॅप एरवी पुसून टाकतं: तिच्याकडून आलेला आवाज त्याला माहीत असतो, तो माइकच्या आवाजातून वजा करतं. पण माझ्याकडं माइक आणि अॅप यांच्या मधे आवाज बदलणारं सॉफ्टवेअर बसलं होतं. तिचा प्रतिध्वनी अॅपपर्यंत पोचेपर्यंत सप्तकभर खाली गेलेला. वजा करायला अॅपकडं मूळ आवाज, आणि आलेला भलताच. जुळणार कसं? म्हणून तिचेच शब्द वाघाच्या आवाजात तिच्याकडं परत जात होते. ही खूण पक्की आहे. समोरच्याला स्वतःचं बोलणं बदललेल्या आवाजात ऐकू आलं की हेडफोन लावायचे, बाकी काही शोधत बसायचं नाही.

साध्या सिमच्या कॉलवर हे करता येतं का, असं मला बरेच जण विचारतात. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या अॅपला चालू कॉलच्या जाणाऱ्या आवाजात हात घालायची मुभा नाही. पूर्वी काही साध्या फोनच्या मेनूत 'मॅजिक व्हॉइस' असायचं, ते फोनच्या चिपमध्येच भरलेलं असायचं, म्हणून चालायचं. कॉलवर आवाज बदलून देतो म्हणणारं अॅप एक तर तुमचा कॉल स्वतःच्या इंटरनेटवरून फिरवतं, म्हणजे तुमचं बोलणं त्याच्या हातातून जातं, नाहीतर फसवतं.

आणि पट्टी, पोत काहीही बदललं तरी बोलण्याची लय, थांबायच्या जागा, शब्द हे तसेच राहतात. मी वाघ होऊनही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणत होतो, आणि बहिणीनं पहिल्याच वाक्याला मला ओळखलं.

शेवटी वाघाला एक सप्तकाऐवजी पाचच सूर खाली नेलं. 110 चे 82 हर्ट्झ, लहर 12 मिलिसेकंदांची, कुंपणाच्या आत. पोत 0.9 वर, म्हणजे 17 सेंटिमीटरची पोकळी 19 ची झाली. एवढ्यानं 'स' 'स'च राहतो. हेडफोनमध्ये हा वाघ मला आधीपेक्षा पुष्कळ मवाळ वाटला. म्हातारीला नऊ सूर वर ठेवलं, पोत 1.15, आणि आवाज थोडा कापरा मी स्वतःच काढला, कारण म्हातारपण कुठल्याच स्लायडरनं येत नाही. पुढच्या शनिवारी वाघ म्हातारीला अडवतो तिथं पोचलो आणि थांबलो. तिकडून लगेच, वेळेवर, दबक्या आवाजात 'हं' आलं.